आईचा पदर आणि त्र्याण्णव टक्के

गेल्या महिन्यात मी आईच्या इरकलीला कात्री लावली. हे वाचून घरातली काही मंडळी दचकतील, म्हणून आधीच सांगते, ताईला विचारून लावली. आई जाऊन सहा वर्षं झाली, साडी ट्रंकेत नुसती पडून होती, आणि दोन-तीन घड्यांवर विरायला लागली होती. ताईच्या नातीचा पहिला वाढदिवस पुण्यात करायचं ठरलं, तेव्हा ताईच म्हणाली, "तिला आईच्या साडीचा फ्रॉक शिव. नाहीतरी आणखी दोन वर्षांनी त्यातलं काही हाताला लागणार नाही."

फ्रॉकचा नमुनाही तिनेच न्यू जर्सीहून पाठवला. तिकडे कापडाच्या कटिंगचे नमुने पीडीएफमध्ये विकत मिळतात. आपण ते घरी छापायचे, पानं एकमेकांना चिकटवायची, की मोठा कागदी नमुना तयार. मी इतकी वर्षं शिवतेय ती वर्तमानपत्रावर पेन्सिलीने आखून. पण ताईने मुद्दाम पैसे भरून पाठवलेला, आणि फ्रॉकही खरंच सुरेख होता. वर योक, खाली चुण्यांचा घेर, मागे बटणं. योक पदराचा काढायचा, घेर अंगाचा. म्हटलं करून बघू.

आठ पानं होती. प्रत्येक पानावर एक चौकट, चौकटीच्या कडेला छोटी अक्षरं. अ ला अ जोडायचा, ब ला ब. पहिल्या पानावर नमुना बनवणाऱ्या बाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की Actual size निवडा. मी अगदी आज्ञाधारकपणे ते निवडलं, प्रिंट दिली, आणि पानं हातात आली तर चौकटीच्या डाव्या-उजव्या दोन्ही उभ्या रेघा गायब! वरची-खालची रेघ होती, बाजूच्या नव्हत्या. जोडायची अक्षरंही कडेला अर्धी कापलेली. आता रेघच नाही तर जोडायचं कशाला?

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. परत प्रिंटच्या खिडकीत गेले, Actual size च्या शेजारीच Fit होतं, ते दाबलं. पानं बाहेर आली ती कशी देखणी! चौकट पूर्ण, अक्षरं पूर्ण, चारी बाजूंना ऐसपैस पांढरी जागा. (स्वतःवरच खूश होऊन मी चहा टाकला हेही सांगायला हरकत नाही.)

आठही पानं चिकटवली. एकेक रेघ एकमेकींवर बरोबर बसली, योकचा गोलाईचा भाग एका पानावरून दुसऱ्यावर कुठेही न अडखळता गेला. मला वाटलं, एवढं चपखल जुळतंय म्हणजे छपाई बरोबरच आहे. इथेच माझी फसगत झाली. सगळी पानं सारख्याच प्रमाणात आक्रसली, तर ती एकमेकांशी जुळणारच. जुळण्यावरून फक्त एवढंच कळतं की आठही पानांवर सारखीच चूक आहे.

बाईंनी त्याचीही सोय केली होती. पहिल्या पानावर एक इंचाचा चौकोन होता, तो मोजून बघा असं लिहिलेलं. मी मोजलाही. माझ्या कापडी टेपवर तो अर्धं सूत कमी भरला. आता टेप वीस वर्षांची, टोकाची पितळी पट्टी सैल झालेली. मी दोष टेपला दिला आणि कात्री उचलली.

पुढचा योक कापून झाला. मागचा कापायला घेणार तेवढ्यात सवयीने पुढच्या योकची रुंदी मोजली. नमुन्यासोबतच्या तक्त्यात ती शिलाईसकट ३० सेंटिमीटर दिली होती. माझा तुकडा भरला २८. उंची १५ हवी, ती १४. पुन्हा मोजलं. मग लेकाच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी आणून मोजलं. २८ च.

दोन सेंटिमीटर ते काय, असं न शिवणाऱ्याला वाटेल. पण मागचाही योक तसाच कापला असता तर एकूण घेरात चार सेंटिमीटर गेले असते, आणि शिलाई मी मशीनच्या खुणेवर एक सेंटिमीटरच धरणार, ती काही आक्रसत नाही. म्हणजे सगळा तोटा फ्रॉकलाच. तयार फ्रॉकची छाती ५६ च्या जागी ५२. बाळाची छाती ताईने ४८ कळवली होती. आठची ढिलाई चारवर आली असती. पहिला वाढदिवस कसाबसा निभावला असता, नंतर महिन्याभरात फ्रॉक पेटीत. आणि पदर काही दुसरा नव्हता. लाल पदराचा न विरलेला भाग मोजून दोन योकपुरता होता, त्यातला एक मी आत्ताच संपवला होता.

त्या संध्याकाळी मी शिवण बाजूला ठेवलं आणि हे नक्की झालं काय ते शोधायला बसले. म्हटलं, आधी कळू दे, मग दुसऱ्या तुकड्याला हात लावू.

पहिलं कोडं रेघा कापल्या का गेल्या, याचं. ताईचा पीडीएफ अमेरिकन कागदासाठी केलेला होता. अमेरिकेत आणि कॅनडात घराघरांत लेटर आकाराचा कागद वापरतात. साडेआठ इंच रुंद, अकरा इंच उंच, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. हातात धरले तर दोन्ही कागद सारखेच वाटतात, पण आपला जवळजवळ सहा मिलिमीटर अरुंद आहे आणि उंचीला बराच जास्त. म्हणूनच माझ्या वरच्या-खालच्या रेघा शाबूत राहिल्या आणि बाजूच्या गेल्या.

पण हिशेब एवढ्यावर सुटत नाही. पानावरची चौकट आठ इंच, म्हणजे २०३.२ मिलिमीटर रुंद होती. २१० च्या कागदावर ती मावायला हवी की! दोन्ही बाजूंना तीन-साडेतीन मिलिमीटर उरतात. मग?

ते उरलेले तीन-साडेतीन मिलिमीटर प्रिंटरला छापताच येत नाहीत. कागदाच्या अगदी कडेपर्यंत शाई न्यायची तर साध्या घरगुती प्रिंटरची पंचाईत होते. कागद रुळांमधून सरकतो, किंचित डावी-उजवीकडे हलतो. आमचा लेझर प्रिंटर आहे, त्यात शाईची पूड कागदावर बसवून तापलेल्या रुळाखालून काढतात. ही पूड कडेबाहेर पडली तर आतले भाग बरबटतील. शाईच्या प्रिंटरमध्ये तर कागदाचं शेवटचं टोक रुळाच्या पकडीतून सुटत असतं, म्हणून तिथे बऱ्याचदा खालची बाजू जास्त कोरी राहते. थोडक्यात, प्रत्येक प्रिंटर चारी बाजूंना एक पट्टा सोडून देतो. त्या पट्ट्यात काही आलंच तर तो मुकाट्याने गाळतो.

आमच्या प्रिंटरचा पट्टा केवढा, ते मी मोजलं. पूर्ण पान फिकट करड्या रंगाने भरलेला एक पीडीएफ केला, Actual size ने छापला आणि कडेचं पांढरं पट्टीने मोजलं. दोन्ही बाजूंना चार मिलिमीटरच्या किंचित वर, साधारण ४.२. म्हणजे २१० मधून ८.४ गेले, उरले २०१.६. चौकट होती २०३.२. दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरही नाही, पाऊण मिलिमीटरने माझी रेघ गेली होती! हे बघून मला हसावं की रडावं कळेना.

कारण आता दुसरं कोडं. पाऊण-पाऊण मिलिमीटर वाचवायला Fit ने किती आकसायला हवं होतं? एक टक्का. मग नमुना जवळजवळ सात टक्के लहान का झाला?

याचं उत्तर मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. चौकट कुठे संपते हे Fit ला ठाऊकच नसतं. त्याला फक्त पान दिसतं. पीडीएफमध्ये प्रत्येक पानाची लांबी-रुंदी नोंदलेली असते. माझ्या फाइलमधलं पान २१५.९ रुंद होतं, कडेच्या कोऱ्या जागेसकट. Fit त्या अख्ख्या पानाला, कोऱ्या जागेसह, प्रिंटरच्या २०१.६ मध्ये बसवतं. २०१.६ भागिले २१५.९ केलं की येतात ९३.४ टक्के. म्हणजे बाईंनी कडेला सोडलेली रिकामी जागासुद्धा त्याने इमानेइतबारे जपली, आणि तिला जागा करून देण्यासाठी माझा योक बारीक केला. ३० चे २८ झाले ते असे. त्या इंचाच्या चौकोनाचेही २५.४ चे २३.७ मिलिमीटर झाले होते. अर्धं सूत! बिचारी टेप खरं सांगत होती.

हे कळल्यावर आणखी एक लक्षात आलं, ते इथल्या शिवणाऱ्या, विणणाऱ्या मैत्रिणींनी जरूर ध्यानात ठेवावं. दोष केवळ अमेरिकन कागदाचा नाही. नमुना आपल्या ए-फोर आकाराचा असला, कागद ए-फोर असला, तरी Fit दाबलं की ते २१० चं पान २०१.६ मध्ये बसवतंच. होतात ९६ टक्के. कागद तोच, फाइल तीच, आणि तरी आकार चार टक्के कमी! Shrink oversized pages नावाचा तिसरा पर्याय असतो, तोही अशा वेळी हेच करतो, कारण छापता येणाऱ्या जागेपेक्षा पान मोठंच ठरतं. नावावरून वाटतं तो फक्त मोठ्या पानांना हात लावेल.

मी अ‍ॅक्रोबॅट रीडरबद्दल बोलतेय. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत ह्याच गोष्टीला Page Scaling म्हणायचे आणि मूळ मापासाठी None निवडावं लागायचं, ज्यांच्याकडे जुना संगणक आहे त्यांना तेच दिसेल. क्रोममधून छापत असाल तर More settings उघडल्यावर Scale सापडतं. तिथे Custom करून १०० घालायचं. आणि एवढं करूनही माप चुकलं, तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये डोकवावं. तिथे 'पानात बसवा' अशी वेगळी खूण असू शकते, ती चालू असली तर वरची आपली सगळी शहाणपणाची निवड पाण्यात. 'बिनकडेची छपाई' असा पर्याय काही शाईच्या प्रिंटरना असतो, तो फोटोला छान, पण नमुन्याला नको. कडेला पांढरं राहू नये म्हणून त्यात चित्र थोडं मोठं करून कागदाबाहेर सांडतात.

मी Fit ला शिव्या देतेय असं समजू नका हं. गाडीचं तिकीट, बिलं, पाककृती, पत्रिका, जे फक्त वाचायचं आहे त्याला Fit च बरं. तिथे अक्षर सात टक्के बारीक झालं म्हणून कुणाचं अडत नाही, उलट शेवटचा शब्द कापला गेला तर अडतं. पण छापलेल्या कागदावर पट्टी, कापड, पाऊल किंवा बोट ठेवायचं असेल, तर Actual size. ऑनलाइन चपला घेताना पायाच्या मापाचा तक्ता छापतात ना, तो Fit ने छापला तर तो पाय मोठा सांगेल. माझ्या धाकट्या जावेला ढगळ चपला का येतात ते बहुतेक हेच असावं. (वाचत असशील तर तपासून बघ गं.)

आता माझ्यापुढे प्रश्न असा की Actual size घेतलं तर रेघ जाते आणि Fit घेतलं तर माप जातं. Custom Scale मध्ये ९९ टाकलं असतं तरी भागलं असतं. चौकट २०१.२ झाली असती, म्हणजे जेमतेम मावली असती, आणि ३० सेंटिमीटरमागे तीन मिलिमीटर गेले असते, ते बाळाच्या फ्रॉकला कळणारही नाहीत. पण कागद जरा सरकला की एका बाजूची रेघ पुन्हा जाणार. आणि एकदा हात पोळल्यावर मला पूर्ण शंभर टक्केच हवे होते.

मग सुचलं की पान लहान करण्यापेक्षा कागद मोठा घ्यावा. लेटर आकाराचा कागद इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. पण लीगल मिळतो! तोच तो लांबडा, करारनाम्या-प्रतिज्ञापत्रांचा. त्याची रुंदी बरोबर साडेआठ इंच, लेटरएवढीच, फक्त उंची चौदा इंच. म्हणजे अमेरिकन पान त्यावर रुंदीला तंतोतंत, आणि खाली कोरं उरेल ते उरेल.

दुकानात गेले.

"लीगल कागद आहे का रे? पंचवीसएक."

"आहे ना काकू. अ‍ॅफिडेव्हिट आहे का? स्टँप पेपर शेजारी मिळेल."

"नाही रे, फ्रॉक आहे."

त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पुढे काहीच बोलले नाही.

पहिलं पान लीगलवर छापलं तर रेघा पुन्हा गायब. कागद मोठा घातला तरी प्रिंटरला ते कोण सांगणार! त्याच्या लेखी आत ए-फोरच होता, आणि तो ए-फोरच्या कडा धरून कापत होता. प्रिंटच्या खिडकीतल्या Page Setup मध्ये आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे Legal केलं, तेव्हा कुठे खिडकीतल्या छोट्या चित्रात कागद लांबडा दिसायला लागला. ते चित्र प्रिंट देण्याआधी बघायची सवय लावून घ्यावी. कागदाचं माप तिथेच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या वेळी चारी रेघा आल्या. मी इंचाचा चौकोन मोजलाच नाही. इतक्या लहान चौकोनावर सात टक्के म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, ते टेपच्या चुकीत सहज लपतात, हे मी अनुभवलंय. त्याऐवजी अख्खी चौकट स्टीलच्या पट्टीने मोजली, आडवी आणि उभीही. आडवी २०३, उभी २६६ च्या पुढे, हवी तशीच. आधीच्या Fit वाल्या पानावरची आडवी चौकट भरली १९० च्या आत. तेरा मिलिमीटरचा फरक! हा फरक कुणाही टेपच्या माथी मारता आला नसता. आठ पानं छापायच्या आधी एकच छापावं आणि त्यावरची सर्वांत लांब रेघ मोजावी, एवढं मी केलं असतं तर पदर वाचला असता.

कापलेल्या योकचं काय केलं, हे ताईला फोनवर सांगितलंच आहे, पण बाकीच्यांसाठी लिहिते. लहान झालेल्या तुकड्यात गळा आणि मुंढा ही काळजी नसते. ते कापून मोठे करता येतात. वाढवता येत नाही ती फक्त रुंदी आणि उंची. म्हणून मी योक मधोमध उभा कापला आणि साडीच्या काठाची चार सेंटिमीटरची पट्टी आत घातली. दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर शिलाईत गेला, पट्टी तीन दिसली. २८ मधून कापलेल्या कडांचा एक सेंटिमीटर वजा, पट्टीचे तीन अधिक, झाले बरोबर ३०. मग नव्या कागदी नमुन्यावर ठेवून गळा आणि मुंढा पुन्हा आखून घेतला. उंचीत जो सेंटिमीटर कमी होता, तो योक आणि घेराच्या मध्ये काठाचीच बारीक पट्टी घालून भरून काढला. मागचा योक उरलेल्या पदरातून शंभर टक्क्यांच्या नमुन्यावर कापला, आणि तो मावला. एका बाजूला बोटभर कापड उरलं.

फ्रॉक ताईच्या सुनेने बाळाला घालून फोटो पाठवलाय. वर ताईचा निरोप, "मधली काठाची पट्टी झकास दिसते, नमुन्यात नव्हती ना?"

नव्हती, असं कळवलं.

Fit वाला कागदी नमुना मात्र मी फाडून टाकला. आईच्या मशीनच्या खणात चुकून दुसऱ्याशेजारी राहिला, तर पुढच्या वेळी दोघांतला खरा कुठला ते नुसतं बघून मला ओळखता यायचं नाही.